शंभर खुणांत मोजलेले शेत

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात मक्याची काढणी उरकते. कंबाइन हार्वेस्टर दाणे तेवढे टाकीत घेतो. ताटांचे तुकडे, पाने, कणसांवरची साल आणि दाणे निघालेली बुरकुंडे मागे शेतातच पडतात. रस्त्यावरून पाहणाऱ्याला सगळे शेत पिवळ्या पाचोळ्याने भरलेले दिसते. तोच माणूस शेतात उतरून पायाशी सरळ खाली पाहू लागला की काड्यांच्या मधून काळी माती दिसू लागते, आणि ती त्याच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त असते. दुरून तिरप्या नजरेने पाहताना उभी धसकटे आणि आडव्या काड्या मागची माती झाकतात. पावसाचा थेंब मात्र तिरपा पाहत नाही. तो वरून येतो, आणि त्याला वरून जेवढी माती उघडी दिसते तेवढीच तो फोडतो.

शेतातला किती भाग पिकाच्या अवशेषांनी झाकला आहे, हे मोजण्याच्या रीतीचे सगळे कसब या एका गोष्टीत आहे: थेंब जसा येतो तसे पाहायचे. रीत अगदी साधी आहे. शंभर खुणांची एक दोरी किंवा फुटाच्या खुणांचा टेप शेतात ताणायचा, प्रत्येक खुणेखाली काडी आहे की माती ते पाहायचे आणि काडीवर पडलेल्या खुणा मोजायच्या. इंग्रजीत तिला लाइन ट्रान्सेक्ट म्हणतात. मराठीत तिला खुणांच्या दोरीची रीत म्हणता येईल.

एवढ्या साध्या मोजणीला नियमांची चौकट का लागली, याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे. १९३०च्या दशकात तिथल्या मध्यवर्ती मैदानांवरून मातीची वादळे उठली. त्यानंतर १९३५ मध्ये ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली सरकारचे मृदसंधारण खाते उभे राहिले. पण काडीकचऱ्याच्या टक्केवारीला खरी धार आली ती १९८५च्या शेती कायद्याने. ज्यांच्या जमिनीची सहज धूप होते, अशा शेतकऱ्यांना सरकारी मदत हवी असेल तर १९९०पर्यंत संधारणाचा आराखडा करून घेणे आणि १९९५पर्यंत तो पूर्ण अमलात आणणे बंधनकारक झाले. कित्येक आराखड्यांत मुख्य अट एकच होती: पेरणीनंतर जमिनीवर ठरावीक टक्के अवशेष राहिले पाहिजेत. संवर्धित मशागत म्हणायची तर पेरणीनंतर किमान ३० टक्के जमीन झाकलेली हवी, ही व्याख्याही तिथे रूढ झाली. २८ की ३२, यावर पैसे अडू लागल्यावर ‘दिसतंय की भरपूर’ असे म्हणून चालेना. शेतकरी आणि तपासणारा अधिकारी, दोघांनी मोजले तरी उत्तर जवळपास सारखेच यावे, अशी रीत हवी होती.

आता प्रत्यक्ष मोजणी. तिथले लोक शंभर फुटी टेप वापरतात आणि प्रत्येक फुटाची खूण हा एक बिंदू धरतात. पन्नास फुटी दोरी असेल तर दर सहा इंचांवर एक खूण. शंभर बिंदू असले की जितके भरले तितके टक्के, वेगळा हिशेब उरत नाही. टेप ओळींना समांतर धरला तर तो संपूर्ण एका ओळीवरून किंवा दोन ओळींच्या मधून जाईल. ओळीवर पेरणी यंत्राने कचरा बाजूला सारलेला असतो आणि मधे तो साचलेला असतो, त्यामुळे दोन्ही वेळा उत्तर खोटे येईल. म्हणून टेप ओळींना तिरपा, साधारण ४५ अंशांत टाकतात. दुसरे कारण हार्वेस्टरचे. यंत्र मागे भुसा टाकते तो सगळीकडे सारखा पसरत नाही. यंत्राच्या मधोमध जाड पट्टा आणि कडांना विरळ, असे होते. टेपने यंत्राचा एक पूर्ण फेरा तरी ओलांडला पाहिजे.

जागा निवडताना शेताचे टोक टाळायचे, कारण तिथे ट्रॅक्टर वळतो आणि मशागत दुप्पट होते. पाणी साचून पीक गेलेली खोलगट जागा, तणांचा गठ्ठा, खळ्याची किंवा गंजीची जागाही टाळायची. पण ‘जरा चांगली’ जागा शोधायची नाही. सर्वसाधारण शेत जिथे दिसते तिथे, आधी फार न निरखता टेप टाकायचा. दोन्ही टोकांना खुंटी मारून तो घट्ट ताणायचा आणि मोजणी संपेपर्यंत हलवायचा नाही.

मग चालायला सुरुवात. प्रत्येक खुणेवर वाकून डोळा बरोबर खुणेच्या वर आणायचा आणि सरळ खाली पाहायचे. टेप धसकटांवर टेकून जमिनीपासून वीतभर वर असेल तर डोळा जरा बाजूला गेला तरी बिंदू दुसरीकडेच पडतो. नवखा माणूस इथे हमखास चुकतो आणि बहुतेक वेळा काडीच्या बाजूने चुकतो, कारण काडी नजरेत भरते आणि माती भरत नाही. तसेच टेपची एकच कड धरायची. शंभर खुणा डाव्या कडेने, तर डाव्याच. टेपला स्वतःची रुंदी असते. कधी ही कड तर कधी ती, असे केले की मन नकळत काडीजवळची कड निवडू लागते.

बिंदू हा बिंदूच असला पाहिजे, या नियमाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दोरीला मोठी गाठ मारली किंवा मणी ओवला की ‘मण्याखाली काही आलं का’ असे पाहिले जाते. समजा मणी एक सेंटिमीटर रुंद आहे आणि शेतात दोन सेंटिमीटर जाडीची मक्याची ताटे आडवी पडली आहेत. मणी ताटाला नुसता शिवला तरी मोजला, तर दोन सेंटिमीटरचे ताट हिशेबात तीन सेंटिमीटरचे होते. म्हणजे मोजणी दीडपट फुगली. गव्हाच्या तीन मिलिमीटर जाडीच्या काड्यांत तर हाच मणी काडीला १३ मिलिमीटरची करून टाकतो. विरळ काड्यांच्या शेतात खरे झाकलेपण १० टक्के असताना उत्तर ४०च्या पुढे जाऊ शकते. म्हणून गाठ वापरायची तर गाठीची एकच कड, पुढची किंवा मागची, हा बिंदू धरायचा. टेपवरची फुटाची बारीक रेघ आणि टेपची कड जिथे मिळतात तो कोपरा त्याहून चांगला.

खुणेखाली काहीतरी दिसले म्हणजे ते मोजायचेच असे नाही. अमेरिकी नियम सांगतो की तुकडा किमान ३/३२ इंचाचा, म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटरचा असावा. ही मर्यादा पावसावरून आली आहे. पाच-सहा मिलिमीटरचा मोठा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो आणि मातीचे कण उडवतो. त्याला अडवण्याइतका मोठा तुकडा असेल तरच तो संरक्षण. पानाचा चुरा, मुळांचे केस, भुशाची कुसळे मोजायची नाहीत. अंदाज चुकू नये म्हणून काही जण त्याच जाडीची तार हातात ठेवतात. खुणेवरून ती सरळ खाली सोडायची. तार तिच्याइतक्या किंवा तिच्याहून रुंद काडीवर टेकली तर हो, मातीवर टेकली तर नाही. शंका आली तर मोजायचे नाही. उभे धसकटही खुणेच्या नेमके खाली आले तरच धरायचे. दगड, ढेकूळ, हिरवे तण आणि नुकतेच उगवलेले रोप हे अवशेष नव्हेत.

एक उदाहरण सविस्तर करून पाहू. समजा आयोवातले मक्याचे शेत आहे. काढणीनंतर शरद ऋतूत चिझेल नांगर फिरला, वसंतात एकदा डिस्क हॅरो, आणि मग सोयाबीन पेरले. पेरणीनंतर मोजणारा पाच ठिकाणी टेप टाकतो. पहिल्या तीन ठिकाणी त्याला ३४, २७ आणि ४१ खुणा काडीवर मिळतात. सरासरी ३४. ३० टक्क्यांची अट सहज ओलांडली असे वाटते, आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. पण या रीतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत एक अतिशय उपयोगी गोष्ट दिलेली आहे: तीन ठिकाणी मोजले तर उत्तर सरासरीच्या ३२ टक्के इकडे-तिकडे असू शकते, पाच ठिकाणी मोजले तर १५ टक्के. हे टक्के सरासरीचे आहेत, शेताचे नव्हेत. ३४चे ३२ टक्के म्हणजे सुमारे ११. म्हणजे खरे झाकलेपण २३ ते ४५च्या दरम्यान कुठेही असू शकते. एवढ्या रुंद पट्ट्यावरून ३० ओलांडले की नाही, हे सांगताच येत नाही.

मोजणारा पुढे जातो. चौथ्या ठिकाणी ३० आणि पाचव्या ठिकाणी २३. पाचांची बेरीज १५५, सरासरी ३१. आता १५ टक्के म्हणजे साडेचारच्या आसपास, म्हणून पट्टा २६ ते ३६. शेत ३०च्या आसपास आहे, हे आता खात्रीने म्हणता येते. ते ३०च्या वरच आहे, हे अजूनही म्हणता येत नाही. आणखी काही ठिकाणी मोजले तर पट्टा अरुंद होईल. ‘शेत काठावर आहे’ हे उत्तरही मोलाचे आहे, कारण पुढच्या वर्षी डिस्क हॅरोची खोली कमी करायची की तो फेराच गाळायचा, हा निर्णय त्यावरून घेता येतो. ३४ पाहून निर्धास्त झालेल्याच्या डोक्यात तो विचार आलाच नसता.

एका खुणेचे एक टक्का इतके महत्त्वाचे का? झाकलेपण आणि धूप यांचे नाते सरळ रेषेचे नाही. धुपीचा अंदाज बांधण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सूत्रात अवशेषांचा परिणाम घातांकाने उतरतो. त्यातला नेहमीचा गुणांक धरला तर उघड्या जमिनीवरून १०० भाग माती जात असेल, तिथे १० टक्के झाकल्यावर सुमारे ७० भाग जाते, ३० टक्के झाकल्यावर सुमारे ३५, आणि ६० टक्के झाकल्यावर १२. पहिल्या ३० टक्क्यांनी ६५ भाग वाचले, पुढच्या ३० टक्क्यांनी फक्त २३. गुणांक जमिनीच्या उतारानुसार आणि धुपीच्या प्रकारानुसार बदलतो, पण आकार हाच राहतो. सुरुवातीच्या थोड्या काड्या सर्वांत जास्त माती धरतात. म्हणून विरळ शेतातली मोजणीच सर्वांत काळजीपूर्वक व्हायला हवी, आणि मण्याची फुगवणूक नेमकी तिथेच सर्वांत मोठी असते.

काढणी झाल्या झाल्या केलेली मोजणी आणि पेरणीनंतरची मोजणी या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. काढणीनंतरची मोजणी ही खर्चाआधीची शिल्लक. चांगल्या उत्पन्नाच्या मक्यानंतर ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन झाकलेली असते. हिवाळ्यात कुजून त्यातली नऊ दशांश उरते असे धरू. सरळ फाळाच्या चिझेलनंतर ६५ टक्के टिकते, डिस्कनंतर त्याचे ६० टक्के, पेरणी यंत्रानंतर त्याचे ९० टक्के. हे सगळे एकामागून एक गुणत गेले की ९५ पैकी ३० उरतात, वरच्या शेतात मिळालेल्या ३१च्या अगदी जवळ. प्रत्येक अवजाराचा टिकाव किती, याची कोष्टके तिथे छापलेली मिळतात. त्यांत मोठे अंतर असते, कारण वेग, खोली आणि मातीचा ओलावा दर वेळी वेगळा असतो. म्हणून गुणाकाराने योजना करायची आणि टेपने ती खरी झाली का ते पाहायचे. पलटी नांगर एकदा फिरला की मात्र गुणाकाराची गरजच राहत नाही. त्यानंतर दहा टक्क्यांहून जास्त क्वचितच काही वर दिसते.

सोयाबीनची गोष्ट वेगळी. त्याचे अवशेष नाजूक असतात. बारीक काड्या, सहज चुरगळणाऱ्या शेंगांची टरफले, लवकर कुजणारी पाने. काढणीनंतर ७० टक्क्यांच्या आसपास दिसणारे झाकलेपण त्याच मशागतीतून गेले तर पेरणीपर्यंत दहावर येऊ शकते. मक्याचे आणि सोयाबीनचे शेत नोव्हेंबरात रस्त्यावरून सारखेच भरलेले दिसते, म्हणून हा फरक लक्षात येत नाही.

या रीतीची एक पक्की मर्यादा आहे. ती क्षेत्र मोजते, जाडी मोजत नाही. एका बिंदूखाली एक पान असो की दहा पानांचा थर, मोजणी एकच. त्यामुळे १०० टक्के झाले की रीत गप्प होते. शेतात किती टन सेंद्रिय पदार्थ पडला आहे, जमिनीत कार्बन किती जाईल, ओलावा किती दिवस टिकेल, याची उत्तरे तिच्याकडून काढू नयेत. त्यासाठी चौकट टाकून आतले अवशेष गोळा करून, वाळवून वजन करावे लागते. दाट आणि उभ्या धसकटांत टेप जमिनीपर्यंत पोचत नाही, तिथेही तिचा भरवसा कमी होतो. तरीही आज उपग्रहांच्या चित्रांवरून अवशेषांचा अंदाज बांधणारे संशोधक आपले आकडे तपासायला पुन्हा शेतात टेपच ताणतात.

महाराष्ट्रात ही मोजणी करायची तर दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे शेतात उरतेच काय. ज्वारीचा कडबा जनावरांसाठी जातो, कपाशीची पऱ्हाटी उपटून जळणाला किंवा बांधावर जाते, आणि विळ्याने कापलेल्या सोयाबीनची गंजी लागून मळणी यंत्रातले भुसकट एका जागी पडते. हाताने कापलेल्या सोयाबीनच्या शेताला अमेरिकी कोष्टकातला ७० टक्क्यांचा आकडा लावणे चूक ठरेल. तिथे गळलेली पाने आणि बोटभर खोडे एवढेच उरते, आणि पाने २.४ मिलिमीटरच्या कसोटीला उतरली तरी महिन्याभरात ती चुरा होतात. हार्वेस्टरने काढलेल्या सोयाबीनमध्ये भुसकट यंत्रामागे पट्ट्यांत पडते. तिथे टेप तिरपा टाकला नाही तर एकाच शेताचे उत्तर एकदा २० आणि एकदा ८० येऊ शकते. उसाच्या पाचटात तर उलटी अडचण आहे. पाचट न जाळता पसरले की बहुतेक सगळी सरी झाकली जाते, म्हणून तिथे टक्क्यांपेक्षा थराची जाडी मोजणे जास्त उपयोगाचे.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. आयोवात धूप करणारा जोराचा पाऊस वसंतातल्या पेरणीच्या आगेमागे येतो, म्हणून तिथली ३० टक्क्यांची अट पेरणीनंतरची आहे. आपल्याकडे हा पाऊस जून-जुलैत, खरिपाच्या पेरणीच्या वेळी पडतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघाल्यावर किंवा मार्चमध्ये हरभरा निघाल्यावर मोजलेला आकडा तोपर्यंत उरत नाही. मधे जनावरे चरतात, वाळवी लागते, उन्हाळी नांगरट होते, काही ठिकाणी काडीकचरा गोळा करून पेटवला जातो. शेत जूनमध्ये किती झाकलेले आहे, हाच इथला खरा आकडा. काढणीनंतर एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसाआधी एकदा, अशा दोन मोजण्या केल्या तर मधल्या आठ महिन्यांत काडी नेमकी कशामुळे गेली हेही कळते.

साहित्य हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तीस मीटरचा टेप घ्यावा. त्याच्या एका बाजूला बहुतेक वेळा शंभर फूट छापलेले असतात, आणि त्याच खुणा बिंदू म्हणून वापरता येतात. मीटरचीच बाजू असेल तर दर ३० सेंटिमीटरला एक बिंदू धरला की शंभर होतात. सोबत अडीच मिलिमीटरची वीतभर तार आणि दोन खुंट्या घ्याव्यात. एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. मग दोघांनी तोच टेप न हलवता, पहिल्याचा आकडा न पाहता पुन्हा मोजावा. दोन उत्तरांत पाचपेक्षा जास्त फरक आला तर काय मोजायचे आणि काय नाही यावर दोघांचे एकमत झालेले नाही असे समजावे, आणि शंकेच्या खुणांवर तार सोडून पाहावी. येत्या खरिपात पेरणीच्या आठवड्यात, सरींना तिरपा टेप टाकून, शेताच्या पाच ठिकाणी हे करून पाहावे आणि पाचही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत.